पाय चेंडूकडे जातो का? मॅचच्या व्हिडिओतून फलंदाजाची हालचाल आणि फटक्यांची दिशा कशी मोजायची

आमच्या क्लबचा उजव्या हाताचा सलामीवीर गेल्या मोसमात सहा डावांत तीनदा पायचीत झाला आणि तीनदा कड लागून मागे झेल देऊन बाद झाला. एके दिवशी नेट्स संपल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "दादा, आत येणारा पॅडला लागतोय, बाहेर जाणारा कडंला. दोन्हीकडचं एकदम कसं सुधारायचं?" सरांचं म्हणणं होतं की त्याचं डोकं ऑफला पडतं. मी संघाचा स्कोअरर. माझ्या वॅगन व्हीलमध्ये त्याच्या बहुतेक धावा मिडविकेटला दिसत होत्या, म्हणून मी म्हणालो, लेग साइड चांगली आहे, ऑफवर काम करूया. आमच्या दोघांचंही निदान अर्धवट होतं आणि ते व्हिडिओ फ्रेमफ्रेमने मोजल्यावरच कळलं. कोल्हापुरातल्या कुठल्याही मैदानावर जमेल अशी ती पद्धत इथे सविस्तर लिहितो.

वॅगन व्हील चेंडू कुठे गेला ते दाखवतं. तो तिथे का गेला, हे त्यात नसतं, आणि ज्या चेंडूवर धाव निघाली नाही तो बहुतेक वेळा त्यात येतच नाही. भाऊसाहेब निंबाळकरांच्या १९४८ मधल्या नाबाद ४४३ धावांतले चौकार आपण कोल्हापूरकर आजही मोजून सांगतो, पण पुढचा पाय कुठे पडत होता ते कुठल्याच धावफलकात सापडत नाही. फटक्याची दिशा बरीचशी त्या पायावर ठरते. म्हणून प्रत्येक चेंडूसाठी दोन आकडे काढायचे: फलंदाजापाशी चेंडू कोणत्या रेषेत होता आणि पुढचा पाय कोणत्या रेषेत पडला. फटक्याची दिशा त्यांच्या शेजारी लिहायची. एवढ्यावर पुष्कळ कळतं.

कॅमेरा कुठे लावायचा

अर्धं काम इथेच होतं किंवा बिघडतं. कॅमेरा गोलंदाजाच्या मागे, सीमारेषेबाहेर, खेळपट्टीच्या सरळ रेषेत हवा. दोन्ही टोकांचे मधले स्टंप स्क्रीनवर एकाच उभ्या रेषेत आले की जागा बरोबर आहे. ट्रायपॉडवरचा कॅमेरा तिरका नाही ना, तेही त्याच वेळी बघून घ्या. पडद्यावर स्टंप उभेच दिसले पाहिजेत.

पहिली अडचण पंचांची येते. ते गोलंदाजाच्या टोकाला स्टंपांमागे उभे असतात आणि नेमके फलंदाजाचे पाय झाकतात. समजा कॅमेरा फलंदाजापासून ८० मीटरवर आहे आणि पंच फलंदाजापासून साधारण २२ मीटरवर. कॅमेरा ४ मीटर उंचीवर असेल, तर फलंदाजाच्या पायाकडे जाणारी नजर पंचांपाशी जमिनीपासून १.१ मीटरवर येते, म्हणजे थेट त्यांच्या पोटावर. पंचांच्या डोक्यावरून पाय दिसायला साडेसहा मीटरच्या आसपास उंची लागते. शिवाजी स्टेडियमसारख्या ठिकाणी पायऱ्यांचा उपयोग होतो. मोकळ्या मैदानावर आम्ही समोरच्या घरातल्या काकूंना विचारून त्यांच्या गच्चीवर ट्रायपॉड लावला.

उंची मिळत नसेल तर सरळ रेषेपासून दोन-तीन मीटर बाजूला सरकायचं. उजव्या हाताचा गोलंदाज ओव्हर द विकेट टाकत असेल तर मागून बघताना पंचांच्या उजवीकडे सरका, कारण गोलंदाज डावीकडून येतो आणि चेंडू टाकल्यावर तो स्वतःच मध्ये येतो. सरकल्यामुळे मोजमापात थोडी चूक शिरते. ती कशी आवरायची ते शून्य ठरवताना सांगतो.

दुसरी गोष्ट मी स्वतः चुकलो म्हणून आवर्जून सांगतो. या कॅमेऱ्यातून फक्त आडवं अंतर मोजा, म्हणजे ऑफ आणि लेग या दिशेतलं. पाय किती पुढे आला ते इथून मोजू नका. ६ मीटर उंचीवरून ८० मीटरवर बघताना टाच जमिनीपासून नुसती ५ सेंमी उचललेली असली, तरी पाय आहे त्यापेक्षा सुमारे ६७ सेंमी मागे असल्यासारखा दिसतो. मी आधी खेळपट्टीचा नकाशा तयार करून दोन्ही अंतरं काढली होती. एकाच चेंडूवर बूट क्रीजच्या पुढे, लगेच मागे, पुन्हा पुढे असा उड्या मारताना दिसला, तेव्हा चूक कळली. पाऊल किती लांब पडतं ते हवं असेल तर पॉपिंग क्रीजच्या रेषेत, पॉइंटच्या बाजूला सीमारेषेबाहेर दुसरा कॅमेरा लावा. स्टंपांपासून पॉपिंग क्रीजपर्यंतचे १२२ सेंमी हे तिथलं माप. दोन्ही व्हिडिओ जुळवताना बॅटला चेंडू लागतो ती फ्रेम वापरा. आवाजावर जुळवू नका, कारण ७० मीटरवर आवाज पोचायला ०.२ सेकंद लागतात आणि तेवढ्यात फलंदाजाचं पाऊल पडून जातं.

एका टोकाच्या कॅमेऱ्याने निम्मीच षटकं मिळतात, हे आधीच मान्य करा. पुढच्या षटकात फलंदाज तुमच्याकडे पाठ करून उभा असतो, मध्ये यष्टिरक्षक असतो, पाय दिसत नाहीत. ती षटकं ओढूनताणून मोजण्यापेक्षा आणखी एका सामन्याची वाट बघा.

कॅमेरा कोणता

साध्या फोनचा १एक्स कॅमेरा ८० मीटरवर शंभर मीटरहून जास्त रुंदी पकडतो. ४के चित्रीकरण केलं तरी एका पिक्सेलमध्ये जवळजवळ ३ सेंमी जातात आणि बूट तीन-चार ठिपक्यांचा दिसतो. डिजिटल झूमने तेच ठिपके मोठे होतात, नवी माहिती येत नाही. माझी कसोटी सोपी आहे: तिन्ही स्टंपांची मिळून रुंदी, म्हणजे २३ सेंमी, पडद्यावर किमान २० पिक्सेल भरली पाहिजे. खरा ऑप्टिकल झूम असलेला फोन चालतो. आम्ही ओळखीच्या लग्नाच्या शूटिंगवाल्याचा जुना हँडीकॅम आणला आणि तो फोनपेक्षा उजवा ठरला.

अशा हँडीकॅममध्ये एक खोड असते. चित्र सेकंदाला ५० अर्ध्या चौकटींत साठवलेलं असतं आणि थांबवून बघितलं की हलत्या पायाला कंगव्यासारखे दाते दिसतात. ते वेगळे करून ५० पूर्ण फ्रेम मिळवायला ffmpeg या मोफत प्रोग्रॅमची ही आज्ञा पुरते:

```
ffmpeg -i over07.mts -vf yadif=1 -c:v libx264 -crf 18 over07.mp4
```

फोनचं चित्रीकरण असेल तर `yadif=1` च्या जागी `fps=60` लिहा. बरेच फोन उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग बदलतात आणि मग फ्रेम मोजून काढलेला वेळ चुकतो. ताशी ११० किलोमीटरचा चेंडू ५० फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेममध्ये ६१ सेंमी पुढे जातो. हा आकडा मोठा वाटेल, पण आपण आडवी रेषा मोजतो आहोत, आणि तेवढ्या अंतरात चेंडू आडवा फार सरकत नाही. सरळ कॅमेऱ्याचा हा मोठा फायदा आहे.

शून्य आणि माप ठरवणं

सामन्याआधी टेप घेऊन मैदानात जा. दोन्ही रिटर्न क्रीजमध्ये आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत २६४ सेंमी अंतर असायला हवं. फक्की मारणारा अंदाजाने मारत असेल तर ते २५० भरतं, २७० भरतं. जे भरेल ते वहीत लिहा आणि तेच वापरा. दहा-बारा षटकांनी फक्की पुसट होते, म्हणून पहिल्या षटकाची स्वच्छ फ्रेम जपून ठेवा.

मोजायला मी किनोव्हिया हे मोफत सॉफ्टवेअर वापरतो. ते विंडोजवर चालतं. त्यात रेघ ओढून ती खरी किती लांब आहे हे सांगितलं की पुढची मापं थेट सेंमीमध्ये मिळतात. ते नसेल तर फ्रेमचं चित्र काढून कुठल्याही चित्र-सॉफ्टवेअरमध्ये कर्सर ठेवला तरी पिक्सेलचा आकडा दिसतो. आमच्या व्हिडिओत पॉपिंग क्रीजवर डावी रिटर्न क्रीज ७६७ पिक्सेलवर होती आणि उजवी ११६९ वर. दोहोंत ४०२ पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल ०.६५७ सेंमीचा. मध्य ९६८ वर, तो आपला शून्य.

शून्य पॉपिंग क्रीजवरच धरा, स्टंपांवर नको. कॅमेरा ३ मीटर बाजूला असला तर कॅमेऱ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मीटरमागे जवळपास ४ सेंमीची चूक होते. पाय पॉपिंग क्रीजच्या आसपास पडतो, त्यामुळे शून्यही तिथेच असला की चूक तेवढ्यातच राहते. स्टंपांपासून मोजलं तर ती दुप्पट होते.

मागून बघताना उजव्या फलंदाजाची ऑफ साइड पडद्यावर डावीकडे येते. ऑफकडचं अंतर धन ठेवायचं, म्हणून शून्यातून पिक्सेल वजा करायचा. स्प्रेडशीटच्या तक्त्यात `B1` मध्ये ९६८, `B2` मध्ये ०.६५७ आणि `E` रकान्यात बुटाच्या मध्याचा पिक्सेल ठेवला, तर सूत्र असं:

```
=($B$1-E2)*$B$2
```

बुटाचा मध्य ९३६ वर असेल तर उत्तर २१ सेंमी. ऑफ स्टंपची बाहेरची कड मध्यापासून साडेअकरा सेंमीवर असते, म्हणजे हा पाय ऑफ स्टंपच्या बाहेर पडला. डावखुऱ्यासाठी वजाबाकी उलटी करा.

प्रत्येक षटकाच्या सुरुवातीला रिटर्न क्रीज ७६७ वरच आहे ना ते बघा. वाऱ्याने ट्रायपॉड हलतो, कुणीतरी झूमला हात लावतो. एकदा आमच्याकडे चार षटकांचे पाय एकदम ९ सेंमी लेगकडे गेलेले दिसले. फलंदाजाने काहीच बदललं नव्हतं, कॅमेरा सरकला होता.

प्रत्येक चेंडूच्या तीन फ्रेम

पहिली फ्रेम चेंडू हातातून सुटल्याची. इथे फक्त एवढंच टिपा: पुढचा पाय जमिनीवर आहे की उचललेला. दुसरी फ्रेम पाय पडल्याची. बूट सपाट टेकला आणि पुढच्या दोन फ्रेममध्ये जागचा हलला नाही, अशी पहिली फ्रेम शोधा आणि बुटाच्या मध्याचा पिक्सेल लिहा. तिसरी फ्रेम चेंडू बॅटला लागल्याची किंवा फलंदाजाजवळून गेल्याची. तिथे चेंडूचा पिक्सेल लिहा.

आपोआप मागोवा घेणारी सोय मी पायासाठी वापरत नाही. पांढरा बूट, पांढरी फक्की, पांढरं पॅड असं सगळं एकत्र आलं की ती सोय बूट सोडून फक्कीला चिकटते, आणि आकडे नीटनेटके दिसत असल्यामुळे आपल्याला संशयही येत नाही. हाताने एका चेंडूला दीड-दोन मिनिटं लागतात.

फटक्याची दिशा झूम केलेल्या व्हिडिओत दिसत नाही, चेंडू लगेच बाहेर जातो. ती स्कोअररने त्याच वेळी घड्याळाच्या आकड्यांत लिहावी. फलंदाजाच्या नजरेने गोलंदाज १२ वर, उजव्या फलंदाजाला पॉइंट ३ वर, कव्हर २ च्या जवळ, मिडविकेट १० च्या जवळ. निर्धाव चेंडूचीही दिशा लिहायची. सोबत व्हिडिओ बघून दोन नोंदी करा: त्याला कुठे मारायचं होतं आणि चेंडू बॅटच्या मधोमध लागला, कडेला लागला की हुकला. मिडऑनला मारायला गेलेला चेंडू आतली कड घेऊन फाइन लेगला गेला, तर वॅगन व्हीलमध्ये तो सुंदर लेग ग्लान्स दिसतो. ही फसवणूक टाळायची तर हेतूचा रकाना हवाच.

आमच्या सलामीवीराचे ४६ चेंडू

तीन सामन्यांत आमच्या टोकाकडून त्याने ७१ चेंडू खेळले. त्यातले फिरकीचे १४ बाजूला काढले, कारण फिरकीला पाय टाकायला वेळ मिळतो आणि ते वेगळं प्रकरण आहे. आखूड टप्प्याचे ७ चेंडू तो मागच्या पायावर खेळला. ४ चेंडूंत पाय झाकला गेला. उरले ४६.

त्यातले सहा इथे ठेवतो. चेंडूची रेषा −८, ४, १२, २५, ३८ आणि ५२ सेंमी. पुढचा पाय अनुक्रमे १७, १९, १८, २१, २० आणि २४ सेंमीवर. चेंडू लेग स्टंपच्या बाजूपासून ऑफच्या बाहेर अर्ध्या मीटरपर्यंत ६० सेंमी हलला आणि पाय फक्त ७ सेंमी. हीच गोष्ट एका आकड्यात बसवायला तक्त्यात उताराचं सूत्र आहे. `D` रकान्यात पाय, `C` मध्ये चेंडू:

```
=SLOPE(D2:D47,C2:C47)
```

उत्तर १ आलं तर चेंडू जितका सरकतो तितकाच पाय सरकतो. ० आलं तर चेंडू कुठेही असो, पाय ठरल्या जागी पडतो. चांगल्या फलंदाजाचाही आकडा १ येत नाही, कारण फार बाहेरचे चेंडू तो सोडून देतो आणि त्यांच्यामागे पाय नेत नाही. आमच्याच संघातल्या जुन्या, अनुभवी फलंदाजाचा ०.६ आला. या मुलाचा आला ०.१२.

मग चेंडूंचे तीन गट केले. स्टंपांच्या रेषेतले १७ चेंडू: पाय आधीच ऑफ स्टंपच्या बाहेर पडलेला, म्हणून बॅट पॅडला वळसा घालून आडवी येते. ११ वेळा त्याने लेगकडेच मारायचा प्रयत्न केला. लागले तेव्हा मिडविकेटला धावा, हुकले तेव्हा पायचीतचं अपील. ऑफ स्टंपपासून ३५ सेंमीपर्यंतचे १७ चेंडू: इथे चेंडू त्याच्या पायाजवळच येतो, आणि १३ बॅटच्या मधोमध लागले. ३५ सेंमीच्या बाहेरचे १२ चेंडू: ९ वेळा ड्राइव्ह, त्यातले फक्त २ मधोमध लागले, ७ कडेला लागले किंवा हुकले. तिथे चेंडू सरासरी ४५ वर आणि पाय २३ वर, म्हणजे बॅट शरीरापासून वीतभर दूर.

मी ज्याला चांगली लेग साइड म्हणत होतो ती पाय आडवा गेल्याची खूण होती. पायचीत होणं आणि कड लागणं ही दोन दुखणी नव्हती, एकाच पायाची दोन टोकं होती. सरांनी पाहिलेलं पडणारं डोकंही त्या पायामागूनच येत होतं.

पाय ठरल्या जागी का पडतो, याचं उत्तर पहिल्या फ्रेममध्ये मिळालं. ४६ पैकी ३९ वेळा चेंडू हातातून सुटतानाच त्याचा पुढचा पाय हवेत होता आणि ऑफकडे निघालेला होता. त्या क्षणी चेंडूची रेषा कुणालाच कळलेली नसते. चेंडू सुटण्याआधीची तयारीची छोटी हालचाल, म्हणजे ट्रिगर मूव्हमेंट, आणि खेळण्याचं पाऊल ही त्याची एकच झाली होती.

आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा

दोन दिवसांनी आधीचे आकडे झाकून दहा चेंडू पुन्हा मोजा. फरक ३ सेंमीच्या आत असेल तर तुमचा हात स्थिर आहे. जास्त असेल तर बहुतेक वेळा पाय पडल्याची फ्रेम निवडण्यात गडबड असते. वीसपेक्षा कमी चेंडूंवर उतार काढू नका, एकदोन विचित्र चेंडू तो कुठेही ओढतात. सगळे चेंडू एकाच रेषेत पडले असतील तरीही तो निरर्थक आहे. गोलंदाजाने सारखा ऑफ स्टंपवरच मारा केला तर पाय हलायचं कारणच नसतं, म्हणून चेंडूच्या रेषेत निदान ४० सेंमीचा पसारा आहे ना ते आधी बघा.

टीव्हीवरच्या सामन्यांच्या व्हिडिओला हे करायचं असेल तर चेंडूगणिक शून्य आणि माप नव्याने ठरवा, कारण कॅमेरामन दर चेंडूला झूम थोडा बदलतो. संथ केलेला रिप्ले मोजायचा नाही, त्यात फ्रेमचा वेळ खरा नसतो.

सरांनी मुलाला आकडे दाखवले नाहीत. स्टंपांच्या रेषेतला एक आणि बाहेरचा एक असे दोन चेंडू पाय पडल्याच्या फ्रेमवर थांबवून शेजारी शेजारी दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "पाय हललाच न्हाई की ओ." मग तीन आठवडे एकच काम: छोटी हालचाल लवकर संपवायची आणि चेंडू सुटताना दोन्ही पाय जमिनीवर. पुढच्या सामन्यात आमच्या टोकाकडून वेगवान गोलंदाजीचे मोजता येण्यासारखे २९ चेंडू मिळाले. २४ वेळा पाय जमिनीवर होता आणि उतार ०.४१ आला. मात्र दोन आखूड चेंडूंना तो मागे जायला उशिरा निघाला, एक खांद्याला लागला. आता पॉइंटच्या बाजूचा कॅमेरा लावून मागच्या पायाचं मोजमाप सुरू केलं आहे.